भाडं मागण्याआधी किल्ली मागा

मिरजेतलं एक घर डोळ्यासमोर आणा. खाली तीन खोल्या, रस्त्याच्या अंगाला एक गाळा, वर दोन खोल्या. वडिलांनी नोकरीच्या पगारातून जागा घेऊन बांधलेलं. वडील 2012 साली गेले, आई 2016 च्या डिसेंबरात. मृत्युपत्र दोघांचंही नाही. मुलं तीन. थोरला पहिल्यापासून आईवडिलांजवळ, मधली बहीण लग्न होऊन पुण्याला, धाकटा नोकरीनिमित्त बंगळुरूला. आईचे दिवसकार्य उरकल्यावर दोघं आपापल्या गावी परतली आणि घरात थोरला, वहिनी आणि त्यांची मुलं राहिली. गाळ्यात शिंपी आहे, महिना 6,000 देतो, ते थोरला घेतो.

चार वर्षं कुणी काही बोललं नाही. मग पुण्यात बहिणीच्या घराचं भाडं वाढलं आणि एका रात्री तिने वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब मांडला. असं घर मिरजेत भाड्याने घ्यायचं तर 12,000 तरी पडतील. 48 महिने झाले. 12,000 × 48 = 5,76,000. तिसरा हिस्सा म्हणजे 1,92,000. दादा माझे इतके पैसे वापरून बसलाय, असं तिच्या मनाने घेतलं.

हे घर आणि ही माणसं मी समजावण्यापुरती उभी केली आहेत, पण वहीचं असं शेवटचं पान घेऊन येणारी माणसं वकिलांच्या ऑफिसात नेहमी येतात. त्यांना मिळणारं उत्तर ऐकायला कडू असतं: या 1,92,000 पैकी एक रुपयाही मिळणार नाही. कारण समजलं की पुढचा सगळा कायदा आपोआप उलगडतो.

वडील मृत्युपत्राशिवाय गेले, तेव्हा हिंदू वारसा कायद्याप्रमाणे घर आई आणि तीन मुलांकडे सारख्या वाट्याने आलं, प्रत्येकी चौथाई. आई गेल्यावर तिची चौथाई तिघांत वाटली गेली. आज प्रत्येकाचा एक तृतीयांश. पण हा तृतीयांश कुठे आहे? बहिणीची खोली कुठली आणि धाकट्याची कुठली, हे कुणी सांगू शकत नाही, कारण वाटप झालेलं नाही. वाटप होईपर्यंत प्रत्येक सहहिस्सेदाराचा हक्क घराच्या विटेविटेवर असतो. थोरला माजघरात झोपतो तेव्हा तो बहिणीच्या खोलीत झोपत नाही. तो स्वतःच्याच घरात झोपतो, आणि ते घर तितकंच तिचंही आहे. स्वतःच्या घरात राहण्याचं भाडं कुणी कुणाला देत नाही.

याच्याच जोडीला दुसरा नियम येतो. एका सहहिस्सेदाराचा कब्जा हा सगळ्यांचा कब्जा मानला जातो. कायद्याच्या नजरेत थोरला तिथे राहून बहिणीचा आणि धाकट्याचाही कब्जा सांभाळतोय. हे बहिणीच्या फायद्याचंच आहे. दादा तिथे वीस वर्षं राहिला म्हणून घर त्याचं होत नाही, ते याच नियमामुळे. पण एकाच तोंडाने ‘तो माझ्या वतीने राहतोय’ आणि ‘तो माझं घर बळकावून बसलाय, भाडं द्या’ असं दोन्ही म्हणता येत नाही.

नुसतं एकट्याने राहणं हा गुन्हा नाही, चूकही नाही. बहिणीने पुण्यात राहायचं ठरवलं, धाकट्याने बंगळुरूला. घराचं दार त्यांना उघडं होतं. त्यांनी ते वापरलं नाही, म्हणून ज्याने वापरलं त्याच्यावर बिल फाडता येत नाही. मला व्यक्तिशः हा नियम योग्य वाटतो. आईवडिलांच्या शेवटच्या आजारपणात रात्री-अपरात्री औषधासाठी धावणारा बहुतेक वेळा हाच थोरला असतो. आईला जाऊन वर्ष व्हायच्या आत त्याच्या हाती भाड्याचं बिल पडावं, हे बरं दिसत नाही.

प्रश्न बदलतो तो दार बंद झाल्यावर.

2020 च्या दिवाळीनंतर बहीण मिरजेला जाते. बाहेरच्या दाराला नवं कुलूप असतं. तिच्याकडे आईने दिलेली जुनी पितळी किल्ली आहे, ती लागत नाही. वहिनी दार उघडते, चहा देते, नव्या किल्लीचा विषय काढत नाही. परत आल्यावर बहीण फोनवर भाड्याचं बोलते आणि दोघांचं भांडण होतं. या क्षणी तिची कायदेशीर बाजू अजून कच्ची आहे. कुलूप चोरीच्या भीतीनेही बदललेलं असू शकतं. भाडं द्यायला नकार मिळाला, पण भाडं मुळात देणं लागतच नव्हतं. घरात यायला तर कुणी मनाई केलेली नाही.

इथेच बहुतेकांचं चुकतं. ते वकिलाकडे जातात आणि नोटीस जाते: गेल्या चार वर्षांचं भाडं पंधरा दिवसांत द्या, अन्यथा दावा लावू. समोरचा वकील हुशार असेल तर दोन ओळींत उत्तर देतो: घर तुमचंही आहे, कधीही या, राहा, आम्ही कधी अडवलं नाही. भाड्याचा दावा तिथेच निम्मा मरतो.

नोटिशीत मागायची असते ती किल्ली. ‘घरात माझा एक तृतीयांश हिस्सा आहे. वरच्या दोन खोल्या मला वापरायच्या आहेत. अमुक तारखेला मी येत आहे. बाहेरच्या दाराची आणि वरच्या खोल्यांची किल्ली द्यावी. द्यायची नसेल तर घराचं वाटप करून माझा हिस्सा वेगळा करून द्यावा.’ एवढंच, पोस्टाने, पोच मिळेल अशा पद्धतीने. यावर दादाला दोनच वाटा उरतात. किल्ली दिली तर बहिणीला घर वापरायला मिळतं आणि भाड्याचा प्रश्न उरत नाही. नाकारली, किंवा ‘तुझा काय संबंध’ म्हणाला, तर त्या तारखेपासून त्याचा वापर हा सहहिस्सेदाराचा साधा वापर राहत नाही. दुसऱ्या मालकाला बाहेर ठेवून केलेला तो वापर ठरतो. कायद्याच्या भाषेत याला हक्कदाराला वहिवाटीतून काढणं म्हणतात, कोर्टात ‘औस्टर’ हा शब्दच चालतो. या वापराचा मोबदला मागता येतो.

आपल्या गोष्टीतला थोरला रागाच्या भरात 1 जानेवारी 2021 ला व्हॉट्सॲपवर लिहितो: ‘घर बाबांनी मला तोंडी दिलं होतं. तुझ्या लग्नात केलेला खर्च हाच तुझा वाटा. परत इकडे यायचं नाही.’

हा मेसेज बहिणीला दुखावणारा आहे, पण तिच्या दाव्याचा पाया हाच आहे. त्यातलं एकही विधान कायद्यात टिकत नाही. हिंदू माणसाला घरासारखी स्थावर मिळकत तोंडी बक्षीस देता येत नाही, त्याला नोंदणीकृत बक्षीसपत्र लागतं. लग्नाच्या खर्चात वारसाहक्क वळता होत नाही, कैफियतीत हे वाक्य कितीही वेळा टंकलेलं असलं तरी. पण हक्क नाकारला आणि येण्यास मनाई केली, हे मात्र त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं. बहिणीने तो फोन जपून ठेवावा. असा मेसेज पुराव्यात द्यायचा तर 2023 च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. जुन्या कायद्यात हेच कलम 65 ब होतं आणि वकील मंडळी अजून तेच नाव घेतात.

या मेसेजला आणखी एक धार आहे आणि ती बहिणीच्या दिशेने आहे. थोरला नुसता राहत होता तोपर्यंत त्याचा कब्जा तिच्या विरुद्ध धरला जात नव्हता. त्याने तिच्या माहितीत उघडपणे तिचा हक्क नाकारला, की प्रतिकूल कब्जाचं घड्याळ चालू होतं. मुदत बारा वर्षं, ती दावा न लावता उलटली तर घरावरचा तिचा हक्कच बुडू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 1957 सालच्या पी. लक्ष्मी रेड्डी प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे: सहवारसांमध्ये नुसता एकट्याचा लांबलचक कब्जा पुरेसा नसतो, दुसऱ्याला कळेल असा उघड नकार लागतो. म्हणून ज्याला असा मेसेज आला त्याने तो वहीत दाबून ठेवून पंधरा वर्षांनी बाहेर काढू नये.

मिळकत पत्रिकेवर थोरल्याने गुपचूप एकट्याचं नाव लावून घेतलं, तर ते बाहेर काढणं ठरतं का? नाही. नोंदीने मालकी मिळत नाही, जात नाही. ज्याला पत्ताच नाही त्याच्या विरुद्ध उघड नकार झाला असंही म्हणता येत नाही. नोंदीला हरकत जरूर घ्यावी, पण भाड्याच्या दाव्याचा कणा म्हणून ती फार वजन पेलत नाही.

आता गाळा. त्याचं भाडं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे आणि लोक दोन्हींची सरमिसळ करतात. शिंप्याकडून थोरला 6,000 घेतो. तिथे तो स्वतः राहत नाही, बाहेरच्या माणसाकडून सामाईक मिळकतीचं उत्पन्न घेतो. हे उत्पन्न तिघांचं. त्याचा हिशेब मागायला कुलूप बदललेलं असावं लागत नाही, हक्क नाकारलेला असावा लागत नाही. थोरला कितीही प्रेमाने ‘ये, राहा’ म्हणाला तरी गाळ्याच्या भाड्यातला तिसरा हिस्सा तो देणं लागतो. म्हणून बहिणीच्या वहीत पहिली ओळ गाळ्याची हवी होती आणि नेमकी तीच नव्हती. घराचं न मिळणारं भाडं तिने मांडलं आणि मिळणारं विसरली.

एक अपवाद जुन्या काळातला सांगतो, कारण तो नियमाच्या काठावर उभा आहे. बंगालमध्ये वॉटसन कंपनी आणि इतर सहहिस्सेदार यांच्यात सामाईक जमिनीवरून वाद झाला. कंपनी एका भागात निळीची लागवड करत होती आणि दुसऱ्यांना तिथे घुसू देत नव्हती. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं, निकाल 1890 चा. न्यायाधीश म्हणाले, कंपनीने दुसऱ्यांची मालकी नाकारलेली नाही, फक्त चालू लागवड राखली. म्हणून कंपनीला शेतातून उठवलं नाही, मनाई हुकूम दिला नाही. पण त्या एकट्याच्या वापराबद्दल दुसऱ्यांना मोबदला द्यायला लावला. शेती, कारखाना, लॉज अशा कमावत्या मिळकतीवरून भांडण असलं की हा निकाल अजून पुढे केला जातो. राहत्या घराच्या बाबतीत त्यावर फार भिस्त ठेवू नये. राहण्यातून पैसा निघत नसतो.

आता मिरजेच्या घराचा खरा हिशेब करू. बहीण 1 जानेवारी 2022 ला मिरजेच्या दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावते. दाव्यात थोरला आणि धाकटा दोघेही प्रतिवादी. धाकट्याचं तिच्याशी भांडण नाही, पण सगळे हिस्सेदार पक्षकार असल्याशिवाय वाटपाचा दावा चालत नाही. प्रतिवादी असला तरी त्याच दाव्यात तो स्वतःचा हिस्सा मागू शकतो, म्हणून त्याने घाबरायचं कारण नाही.

गाळ्याचं मागचं भाडं दावा लावण्याच्या आधी तीन वर्षांपर्यंतचं धरू, त्यापलीकडचं सहसा मुदतीत बसत नाही. 36 महिने, 6,000 दराने, 2,16,000. आता थोरला म्हणतो, मी घरपट्टी भरली आणि 2020 च्या पावसाळ्याआधी गाळ्याची आणि वरची गळकी स्लॅब दुरुस्त केली. घरपट्टी तीन वर्षांची 27,000, स्लॅबचे 1,05,000, बिलं त्याच्याकडे आहेत. मिळकत टिकवण्यासाठी लागणारा असा खर्च सगळ्यांच्या डोक्यावर असतो, त्यामुळे तो वजा होतो. उरले 84,000. बहिणीचा तिसरा हिस्सा 28,000. इथे बहिणीचा वकील हरकत घेईल: घरपट्टीतला राहत्या भागाचा वाटा आम्ही का सोसायचा, घर तर तुम्ही एकट्याने वापरलं. हा युक्तिवाद बिनबुडाचा नाही. जो एकटा वापरतो तो खर्चात वाटा मागायला आला की समोरचे त्याचा फुकट वापर पुढे करतात आणि न्यायालयं ते ऐकतात. पण इथे आपण साधा हिशेब ठेवू.

राहत्या भागाचं भाडं. 2017 ते 2020, शून्य. मेसेज आला त्या दिवसापासून दावा लागेपर्यंत 12 महिने. महिना 12,000 धरले तर 1,44,000, तिसरा हिस्सा 48,000.

हे 12,000 कुठून आले, हे बहिणीने सिद्ध करायचं असतं. तिच्या अंदाजाला किंमत नाही. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 मुळे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. याचा इथे उपयोग होतो: त्याच गल्लीतल्या, तेवढ्याच घरांच्या नोंदणीकृत करारांच्या नकला मिळवता येतात. असे दोन-तीन करार शेजारच्या इस्टेट एजंटच्या साक्षीपेक्षा भारी पडतात. थोरल्याने स्वतःच्या पैशाने वर नवीन बाथरूम, मॉड्युलर किचन केलं असेल तर त्यामुळे वाढलेलं भाडं यात धरत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेत बेकायदा कब्जाच्या काळातल्या उत्पन्नाची व्याख्या आहे. कब्जेदाराला जे मिळालं किंवा नीट लक्ष दिलं असतं तर मिळालं असतं ते त्यात व्याजासह येतं. कब्जेदाराने केलेल्या सुधारणांमुळे मिळालेलं मात्र ती व्याख्याच वगळते.

आणि मग दावा चालू असताना साचत जाणारा भाग. दावा लागल्यापासून हिस्सा हातात पडेपर्यंत. चार वर्षं धरा, जी वाटपाच्या दाव्यात मुळीच जास्त नाहीत. गाळा आणि घर मिळून महिना 18,000, त्यातला बहिणीचा तिसरा हिस्सा 6,000. 48 महिन्यांचे 2,88,000. मागचे 28,000 आणि 48,000 मिळवले की एकूण 3,64,000, त्यातून पुढची घरपट्टी अजून वजा व्हायची.

आकडे पाहा. तिच्या वहीतली 1,92,000 ची रक्कम शून्य झाली, आणि जिचा तिने विचारही केला नव्हता ती सर्वांत मोठी निघाली. मागचं भाडं उकरून काढण्यात लोक सगळी ताकद घालवतात, आणि दाव्यात पुढच्या उत्पन्नाची मागणी लिहायलाच विसरतात किंवा एका ओळीत उरकतात. न्यायालय आधी प्राथमिक हुकूमनामा करतं, त्यात हिस्से ठरतात. मग कोर्ट कमिशनर जागेवर येतो, टेप लावतो, नकाशा काढतो, कोणता भाग कुणाला द्यावा ते सुचवतो. मग अंतिम हुकूमनामा. पुढच्या उत्पन्नाची चौकशी या दोन हुकूमनाम्यांच्या मधल्या टप्प्यात होते. प्राथमिक हुकूमनाम्यात त्याचा उल्लेख राहून गेला तरी अंतिम हुकूमनाम्याआधी वाटपाच्या दाव्यात ती चौकशी मागता येते, असं मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1951 साली बब्बुरू बसवय्या प्रकरणात सांगितलं आणि तो निकाल आजही वाचला जातो. पण विसरू नये हे उत्तम. ही चौकशी लावायची का आणि किती दराने, हे न्यायालय परिस्थिती पाहून ठरवतं. थोरल्याने दाव्याच्या पहिल्याच तारखेला वरच्या खोल्यांची किल्ली न्यायालयात जमा केली असती, तर 2,88,000 मधला घराचा भाग बहिणीला मिळवणं फार अवघड झालं असतं. थोरल्याला सल्ला देणाऱ्या वकिलाने हे पहिल्या दिवशी सांगायला हवं. सांगितलं तरी पुष्कळ अशील ऐकत नाहीत, ‘पायरी चढू देणार नाही’ हेच धरून बसतात, आणि त्या हट्टाचं महिन्याचं भाडं साचत जातं.

घर वाटून देण्यासारखं नसलं तर? एक जिना, एक नळ, एक मोरी. 1893 चा वाटप कायदा अशा वेळी उपयोगी पडतो. घराचे नीट तुकडे होत नाहीत असं न्यायालयाला वाटलं आणि निम्म्या किंवा जास्त हिश्श्याच्या मालकांनी विनंती केली, तर न्यायालय विक्रीचा हुकूम देऊ शकतं. आपल्या घरात बहीण आणि धाकटा मिळून दोन तृतीयांश होतात. थोरला त्यावर म्हणू शकतो, मी त्यांचे हिस्से ठरेल त्या किमतीला घेतो, आणि कायदा त्याला ती संधी देतो. बहुतेक घरगुती दावे अखेर इथेच येऊन मिटतात. थोरला घर ठेवतो, फरकाची रक्कम देतो, आणि भाड्याचा हिशेब त्या रकमेत कुठेतरी विरघळतो. म्हणून मी या 3,64,000 कडे वसुलीची रक्कम म्हणून कमी आणि तडजोडीच्या टेबलावरचं वजन म्हणून जास्त पाहतो.

रागाने हिस्सा बाहेरच्याला विकून टाकण्याची धमकीही हमखास दिली जाते. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेणाऱ्या परक्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे घरात घरच्यांबरोबर राहण्याचा हक्क मिळत नाही. किल्ली मागायचीच त्याला सोय नाही. त्याने वाटपाचा दावा लावायचा, आणि तो लावला की घरचा माणूस त्याचा हिस्सा न्यायालय ठरवेल त्या किमतीला घेऊ शकतो. हे माहीत असलेला गिऱ्हाईक असा हिस्सा पडत्या भावानेच मागतो.

वडिलोपार्जित घराचं गणित थोडं निराळं. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली, कधीच न वाटलेली एकत्र कुटुंबाची मिळकत असेल, तर कुटुंब एकत्र असेपर्यंत कर्त्याकडे ‘तू गेल्या दहा वर्षांत काय काय खाल्लंस’ असा मागचा हिशेब मागता येत नाही, अफरातफर केली असेल तर गोष्ट वेगळी. आज शिल्लक आहे ते वाटायचं. मात्र ‘मला वेगळं व्हायचं आहे’ अशी स्पष्ट नोटीस दिली की त्या दिवसापासून नातं सहहिस्सेदारांचं होतं आणि वरचे नियम लागू होतात. तिथेही नोटिशीची तारीख हीच कामाची गोष्ट. मुली 9 सप्टेंबर 2005 पासून अशा मिळकतीत जन्मतः हिस्सेदार आहेत. वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात ठरवलं.

हिंदू वारसा कायद्याच्या त्याच 2005 च्या दुरुस्तीत एक जुनं कलम गेलं, त्याबद्दल बहिणींना अजून चुकीचं सांगितलं जातं. कलम 23. कुटुंब राहत असलेल्या घराचं वाटप भाऊ ठरवतील तेव्हाच, मुलीला ते मागता येणार नाही, असं ते म्हणायचं. लग्न झालेल्या, सासरी नांदणाऱ्या मुलीला तर तिथे राहण्याचाही हक्क नव्हता. ‘राहत्या घराला बहीण हात लावू शकत नाही’ हे वाक्य गावात अजून ऐकू येतं, ते त्या कलमाचं भूत आहे. आज लग्न झालेली मुलगी भावाइतक्याच हक्काने किल्ली मागू शकते.

आणि हे सगळं टाळायचं तर? आईच्या वर्षश्राद्धाला तिघं एकत्र बसली असतील तेव्हा एक कागद करावा. थोरला घरात राहील, घरपट्टी आणि किरकोळ दुरुस्ती त्याची, गाळ्याचं भाडं तिघांत सारखं वाटायचं, वरची एक खोली बहिणीसाठी आणि धाकट्यासाठी मोकळी, तिची एकेक किल्ली दोघांकडे. राहण्याबद्दल थोरल्याने महिन्याला काही द्यायचं ठरलं तर आकडा लिहावा, नाही ठरलं तर ‘काही देणं नाही’ हेही लिहावं. असा करार असला की कायद्याचे वरचे सगळे नियम मागे पडतात आणि ठरलं तेच चालतं. यात कुणी हिस्सा सोडत नाही, त्यामुळे हे हक्कसोडपत्र नाही. त्या दिवशी तलाठ्याच्या किंवा सिटी सर्वेच्या ऑफिसात सहीसाठी म्हणून पुढे सरकवलेला दुसरा एखादा कागद मात्र आधी नीट वाचावा. मिरजेच्या बहिणीने तो कागद केला नाही. तिच्या पर्समध्ये अजून आईची पितळी किल्ली आहे, आणि वकिलाने ती दाव्यातल्या पुराव्याच्या यादीत लिहून घेतली आहे.